चाचणीचा खर्च कितव्या रिलीजला फिटतो?

सहकारी पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणारी पुण्यातली एक छोटी कंपनी डोळ्यांसमोर आणा. मुदत ठेवी, कर्जं, सभासदांचे शेअर, पासबुक, ताळेबंद असं सगळं त्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये चालतं. दर दोन आठवड्यांनी त्यात काहीतरी नवं जातं, कधी ठेवीची नवी योजना तर कधी कर्जाच्या अर्जात एखादी जादा माहिती. नवं घालताना जुनं बिघडलं नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावं लागतं. या फेरतपासणीला सॉफ्टवेअरवाले रिग्रेशन म्हणतात. आपल्या या कंपनीत रिग्रेशनचे 240 टेस्ट केस आहेत, एका केसला सरासरी 20 मिनिटं लागतात आणि दोन टेस्टर पाच दिवस दुसरं काही न करता तेवढंच करतात. म्हणजे एका रिलीजमागे 80 तास. कंपनी काल्पनिक आहे आणि पुढचे तासही उदाहरणासाठी घेतले आहेत. हिशेबाची रीत मात्र जशी प्रत्यक्षात करावी लागते तशीच आहे.

अशा ठिकाणी कधीतरी ठरतं की हे ऑटोमेट करायचं. टेस्टर हाताने जे करतो ते करणारी स्क्रिप्ट लिहायची, ती रात्री चालवायची आणि सकाळी निकाल बघायचा. सेलेनियम, प्लेराइट यांसारखी साधनं फुकट मिळतात, त्यामुळे खर्च फारसा नाही असंही वाटतं. मग प्रश्न येतो की 240 पैकी सुरुवात कुठून करायची. बहुतेक टीम दोनपैकी एक उत्तर देतात. एक तर जे सोपं आहे ते आधी, किंवा जे साहेबांना दाखवायला उठून दिसेल ते आधी, म्हणजे अर्जापासून कर्जवाटपापर्यंतचा सगळा प्रवास स्क्रीनवर आपोआप होताना दिसेल असं काहीतरी. दोन्ही उत्तरांत केसचा खर्च आणि आयुष्य यांचा विचारच नसतो. म्हणून वर्षभराने स्क्रिप्टा पुष्कळ असतात आणि रिग्रेशनला मात्र अजूनही पाच दिवस लागत असतात.

या प्रश्नावर अमेरिकेतले ब्रायन मॅरिक यांनी 1998 मध्ये एक निबंध लिहिला होता. साधनं तेव्हापासून पार बदलली, पण त्यांनी विचारलेले प्रश्न मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतात. पहिला प्रश्न असा की ही चाचणी एकदा हाताने करण्यापेक्षा ती ऑटोमेट करून एकदा चालवायला किती जास्त खर्च येतो? दुसरा, ही ऑटोमेट केलेली चाचणी किती काळ जगेल आणि ती कशामुळे मरेल? तिसरा, पहिल्या वेळेनंतरच्या तिच्या आयुष्यात तिला आणखी बग सापडण्याची शक्यता किती? यातला दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. स्क्रिप्ट एकदा लिहिली की कायमची झाली असं धरून चालतात. प्रत्यक्षात स्क्रीनवरचं एखादं बटण हललं तरी ती मोडते आणि कोणाला तरी बसून दुरुस्त करावी लागते. हा देखभालीचा खर्च हिशेबात धरला की केसांचा क्रम पार बदलतो.

हिशेब तसा साधा आहे. हाताने लागणाऱ्या वेळातून देखभालीचा आणि निकाल तपासण्याचा वेळ वजा केला की दर रिलीजची खरी बचत मिळते. स्क्रिप्ट बनवायला लागलेल्या तासांना त्या बचतीने भागलं की खर्च कितव्या रिलीजला फिटेल ते कळतं.

```
खर्च फिटायला लागणारे रिलीज =
  बनवण्याचे तास ÷ (हाताने लागणारे तास − देखभालीचे तास − निकाल तपासण्याचे तास)
```

कंसातला आकडा शून्याच्या जवळ आला की उत्तर भराभर मोठं होतं, आणि तो शून्याखाली गेला तर ती चाचणी कधीच फिटत नाही. ऑटोमेशनच्या बहुतेक फसलेल्या अंदाजांचं मूळ या कंसात असतं.

आता यातून काही केस काढून बघू.

पहिली, सॉफ्टवेअर उघडून लॉगिन करणं आणि मुख्य मेनू दिसतो का ते बघणं. हाताने 4 मिनिटं. पण ही चाचणी प्रत्येक नव्या बिल्डवर करावी लागते आणि दोन आठवड्यांत सहा बिल्ड येतात, म्हणजे एका रिलीजला 24 मिनिटं. स्क्रिप्ट बनवायला 3 तास आणि देखभाल, निकाल वगैरे मिळून रिलीजला 4 मिनिटं धरली तर बचत 20 मिनिटं होते. खर्च फिटायला नऊ रिलीज, म्हणजे चार महिन्यांहून अधिक. इतक्या सोप्या केसला इतका वेळ लागेल असं कोणाला वाटत नाही.

दुसरी, मुदत ठेवीवरचं व्याज. हा एक केस नसून गट आहे. मुदत वेगवेगळी, व्याज दरमहा घ्यायचं की तिमाही की मुदत संपल्यावर, ठेवीदार ज्येष्ठ नागरिक असला तर जादा दर, ठेव मुदतीआधी मोडली तर कमी दर, अशा मेळातून 36 केस तयार झाले आहेत. प्रत्येकाला 10 मिनिटं, म्हणजे रिलीजला 6 तास. टेस्टर मुदत, रक्कम, तारीख भरतो, आलेलं व्याज बघतो, एक्सेलमधल्या आकड्याशी ताडतो आणि पुढच्या केसकडे जातो. विसाव्या केसनंतर डोळे थकतात, आकडा वाचण्याऐवजी तो बरोबर असेल असं गृहीत धरलं जातं, आणि चूक नेमकी तिथेच निसटते.

या गटाची स्क्रिप्ट स्क्रीनवरून चालवायची गरज नाही. व्याज काढणारा भाग स्क्रीनच्या खाली, सर्व्हरवर असतो. त्याला रक्कम, तारखा आणि दर थेट पाठवून उत्तर मागवता येतं. एकच छोटी स्क्रिप्ट आणि तिच्यासमोर 36 ओळींचा तक्ता, प्रत्येक ओळीत भरायच्या किमती आणि अपेक्षित व्याज. बनवायला 24 तास, आणि देखभाल व निकाल मिळून रिलीजला अर्धा तास. बचत साडेपाच तास. भागाकार केला तर 4.4 येतात, म्हणजे पाचव्या रिलीजला, दहा आठवड्यांत खर्च फिटला. लॉगिनपेक्षा आठपट मोठं काम, पण जवळजवळ अर्ध्या वेळात वसूल.

त्या 24 तासांतला बराच भाग स्क्रिप्ट लिहिण्यात जात नाही, अपेक्षित आकडे ठरवण्यात जातो. इथे थोडं थांबायला हवं, कारण घाई करणाऱ्या टीम इथेच हात राखून काम करतात. समजा एक लाख रुपयांची ठेव, 8 टक्के सरळव्याज, 31 जानेवारी 2024 ते 31 जुलै 2024. मधले दिवस 182. वर्षाचे 365 दिवस धरले तर व्याज 3,989 रुपये येतं. पण 2024 हे लीप वर्ष. 366 धरले तर 3,978. अकरा रुपयांचा फरक. यातलं बरोबर कोणतं हे टेस्टरने ठरवायचं नाही, प्रोग्रामरनेही नाही. संस्थेचा नियम माहीत असलेल्या हिशेबनिसाला शेजारी बसवून प्रत्येक ओळ त्याच्याकडून, कागदावर किंवा वेगळ्या शीटमध्ये, स्वतंत्रपणे काढून घ्यावी लागते. हे टाळण्यासाठी पुष्कळ ठिकाणी सॉफ्टवेअरनेच दिलेलं आजचं उत्तर अपेक्षित म्हणून तक्त्यात चिकटवतात. मग सॉफ्टवेअरमध्ये आज चूक असेल तर ती चाचणी त्या चुकीची राखण करत बसते, आणि उद्या कोणी ती दुरुस्त केली की उलट दुरुस्तीच चूक म्हणून दाखवते. स्वतंत्र आकडे काढायला दोन दिवस जास्त लागले तरी ते खर्चात लिहावेत. ते वगळून दाखवलेला जलद परतावा खोटा असतो.

तिसरा केस कर्जाच्या अर्जाचा. सभासद निवडा, जामीनदार भरा, तारण, उत्पन्न, कागदपत्रं जोडा, मंजुरीला पाठवा, मग व्यवस्थापक म्हणून लॉगिन करून मंजूर करा. हाताने 45 मिनिटं. कंटाळवाणा, लांबलचक, म्हणून ऑटोमेशनच्या यादीत तो हमखास वर असतो. पण या अर्जात जवळजवळ प्रत्येक रिलीजला काहीतरी बदलतं. स्क्रिप्ट स्क्रीनवरची प्रत्येक चौकट तिच्या खुणेवरून शोधते. या खुणेला लोकेटर म्हणतात. चौकट हलली, तिचं नाव बदललं किंवा मध्ये एक नवी सक्तीची चौकट आली की स्क्रिप्ट अडते. बनवायला 30 तास. त्यानंतर दर रिलीजला देखभालीची 50 मिनिटं आणि निकालाची 10 मिनिटं, म्हणजे एक तास. हाताने 45 मिनिटांत होणारं काम स्क्रिप्टने करायला 60 मिनिटं लागतात. हा खर्च पाच वर्षांनीही फिटणार नाही, उलट दर पंधरवड्याला थोडा वाढत जाईल.

दुसरा आणि तिसरा केस शेजारी ठेवले की निवडीचा खरा निकष दिसतो. चाचणी ज्या गोष्टीला हात लावते ती क्वचित बदलणारी हवी, आणि ज्या गोष्टीची ती परीक्षा घेते ती वारंवार बदलणारी हवी. व्याजात भरायचं काय आणि मिळायचं काय हे वर्षानुवर्षं तेच राहतं, पण आतलं गणित दर नव्या योजनेबरोबर कोणीतरी उघडतं, त्यात नवी अट घालतं आणि कधीतरी जुनी मोडतं. तिथे स्क्रिप्ट न मोडता बग पकडते. अर्जाच्या केसमध्ये स्क्रिप्ट ज्याला हात लावते तेच सारखं बदलतं, म्हणून ती बगमुळे मोडण्याआधी बदलामुळे मोडते. आणि दोन्ही बाजू स्थिर असतील, म्हणजे दोन वर्षांत कोणी न शिवलेला एखादा जुना रिपोर्ट असेल, तर स्क्रिप्ट मोडणार नाही, पण तिला सापडण्यासारखंही काही नसतं. ती स्वस्त आहे म्हणून यादीत वर येते. मी तिला खाली ढकलेन.

अर्जाचा केस सोडून द्यायचा असा याचा अर्थ नाही, तो तोडायचा. त्या 45 मिनिटांत खरं तर तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या जातात. किती कर्जाला सभासद पात्र आहे, हप्त्यांचं वेळापत्रक बरोबर आहे का, जामीनदाराची मर्यादा ओलांडली तर अर्ज अडतो का. या तिन्ही गोष्टी व्याजासारख्याच स्क्रीनच्या खाली तपासता येतात. उरतो तो स्क्रीनचा भाग, आणि त्यासाठी हाताने केलेली 10-15 मिनिटांची फेरी पुरते. माइक कोन यांनी 2009 च्या आपल्या पुस्तकात चाचण्यांचा पिरॅमिड मांडला, त्यामागचा विचार हाच आहे. खाली छोट्या आणि जलद चाचण्या भरपूर, मध्ये सेवांच्या, आणि स्क्रीनवरून चालणाऱ्या अगदी मोजक्या. परताव्याच्या हिशेबात तो चपखल बसतो. वरच्या थरातली चाचणी बनवायलाही महाग आणि सांभाळायलाही महाग, म्हणून कोणती चाचणी ऑटोमेट करायची याच्याइतकाच ती कोणत्या थरावर करायची हा निर्णय महत्त्वाचा असतो.

पासबुकाची छपाई हा चौथा केस. प्रिंटरमध्ये पासबुक घालायचं आणि ओळी रेघांवर येतात का, पान संपलं की पुढच्या पानावर जातात का ते बघायचं. 15 मिनिटं. यावर वेळ घालवू नये. माणसाचा डोळा इथे स्वस्त आणि चांगला आहे. प्रिंटरकडे जाणारा मजकूर बरोबर आहे का एवढंच हवं तर स्क्रिप्टने पाहावं.

पाचवा केस वर्षअखेरीचा, आणि तो अवघड आहे. 31 मार्चला खाती बंद होतात, व्याजाच्या तरतुदी होतात, नफातोटा पुढे नेला जातो. हे तपासायला हाताने 16 तास लागतात आणि ते वर्षातून एकदा, फेब्रुवारीत केलं जातं. पूर्ण ऑटोमेट करायला 60 तास, दर वर्षी देखभाल 6 तास. बचत वर्षाला 10 तास, म्हणजे खर्च फिटायला सहा वर्षं. सूत्र म्हणतं, सोडा.

पण त्या 16 तासांत काय होतं ते विचारलं तर कळतं की त्यातले 11 तास तपासण्यात जातच नाहीत. सभासद तयार करा, खाती उघडा, अकरा महिन्यांचे व्यवहार भरा, चाचणीच्या सर्व्हरची तारीख पुढे न्या, अशा तयारीत ते जातात. एवढी तयारीच ऑटोमेट केली तर बनवायला 18 तास, दर वर्षी देखभाल एक तास आणि बचत 10 तास. दुसऱ्या वर्षी खर्च फिटतो. तपासणी माणूसच करतो, पण आता त्याला पाच तासच लागतात, म्हणून ती वर्षातून एकदाऐवजी दर तीन महिन्यांनी करता येते. वर्षअखेरीच्या गणितातली चूक जुलैमध्ये सापडणं आणि 31 मार्चच्या रात्री शाखेत सापडणं, यातला फरक तासांच्या सूत्रात कुठेच दिसत नाही. म्हणून सूत्राने लावलेल्या क्रमावर एकदा दुसरी नजर फिरवावी लागते. हा केस नापास होऊन कोणाच्या लक्षात आलं नाही, तर किती ठेवीदारांच्या खात्यात चुकीचा आकडा जाईल? त्या उत्तराने एखादा केस दोन-चार पायऱ्या वर येऊ शकतो. लॉगिनलाही मी नऊ रिलीज लागत असूनही सुरुवातीलाच घेईन, कारण मोडका बिल्ड पहाटेच कळला तर दोन टेस्टरांची सकाळ वाचते, शिवाय स्क्रीनवरच्या पुढच्या प्रत्येक स्क्रिप्टला लॉगिनची पायरी लागतेच.

हे आकडे आणायचे कुठून? हाताने लागणारा वेळ टेस्टरला विचारून लिहू नये. दोन रिलीजमध्ये घड्याळ लावून नोंदवावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे केस किती वेळा चालवला गेला हे योजनेतून न घेता चाचणीच्या नोंदींतून घ्यावं. यादीत 240 केस असतात, पण रिलीजची घाई झाली की शेवटचे चाळीस-पन्नास केस वगळले जातात हे प्रत्येक टेस्टरला माहीत असतं. जे हाताने केलंच जात नव्हतं ते ऑटोमेट करून तास वाचत नाहीत. तिथे मिळतं ते जास्तीचं संरक्षण, आणि ते तितक्याच स्पष्टपणे वेगळं लिहावं. स्क्रीन किती वेळा बदलली हे गेल्या वर्षाच्या कोडच्या इतिहासात दिसतं, आणि बग कुठे निघतात हे बगच्या नोंदीत. या दोन याद्या शेजारी ठेवून घालवलेली एक दुपार निवडीची निम्मी भांडणं मिटवते.

देखभालीचा आकडा मात्र कुठल्याच जुन्या नोंदीत नसतो, कारण अजून स्क्रिप्टच नसतात. त्यासाठी आधी थोडे केस घेऊन प्रयोग करावा लागतो. वेगवेगळ्या स्वभावाचे दहाएक केस निवडायचे, बनवायचे आणि निदान तीन रिलीज चालवून दर वेळी दुरुस्तीला लागलेला वेळ लिहायचा. प्रयोग एकाच रिलीजमध्ये संपवून अंदाज मांडला तर देखभाल शून्य दिसते, कारण मोडायला अजून काही बदललेलंच नसतं. वरिष्ठांना दाखवलेली सुंदर सादरीकरणं अनेकदा या टप्प्यावरची असतात.

आता सगळं मिळून अंदाज बांधू. आपल्या टीमने पहिल्या फेरीसाठी 70 केस निवडले. त्यांत व्याजाचे 36, ते बनवायला 24 तास. उरलेले 34 बनवायला 140 तास. याशिवाय पाया घालायला 120 तास, आणि अंदाजातून बहुतेक वेळा हेच गळतात. साधन शिकणं, चाचणीचा स्वतंत्र सर्व्हर उभा करणं, रोज रात्री डेटा मूळ स्थितीत आणण्याची सोय, निकालांचा अहवाल, ही कामं एकही केस तपासत नाहीत पण त्यांच्याशिवाय एकही केस धड चालत नाही. एकूण 284 तास. हे 70 केस हाताने करायला दर रिलीजला 26 तास लागत होते. देखभाल 5 तास, निकाल तपासायला 2 तास, म्हणजे निव्वळ बचत 19 तास. भागाकार 15 रिलीज, तीस आठवडे. पण मोजणी बांधणी संपल्यावर सुरू होते. एकजण आठवड्याला 25 तास खरोखर देऊ शकला तर बांधणीलाच साडेअकरा आठवडे लागतात. सगळं तयार झाल्यावरच वापर सुरू झाला असं धरलं, तर सुरुवात केल्यापासून जवळजवळ दहा महिन्यांनी पारडं बरोबरीत येतं. तयार होतील तसे केस वापरात आणले तर थोडं आधी, आणि तसं आणावंच. व्याजाचे 36 केस बाकीच्यांसाठी थांबायचं काही कारण नाही.

हाच अंदाज उत्साहाने मांडला तर कसा दिसतो तेही बघा. पाया वगळला, देखभाल 2 तास आणि निकालाला अर्धा तास धरला, तर 164 तास भागिले साडेतेवीस. सात रिलीज, चौदा आठवडे. उलट टोकाला, देखभाल 10 तास निघाली आणि निकाल तपासायला 4 तास लागले तर बचत 12 तासांवर येते आणि 24 रिलीज लागतात. त्यात बांधणीही दीडपट लांबली तर 36 रिलीज, म्हणजे 72 आठवडे. एकच काम, तेच 70 केस, आणि उत्तर चौदा आठवड्यांपासून बहात्तर आठवड्यांपर्यंत कुठेही. म्हणून वरिष्ठांना एक तारीख सांगण्यापेक्षा मधला अंदाज आणि वाईट अंदाज असे दोन सांगावेत, आणि दोघांमधला फरक देखभालीमुळे पडतो हेही सांगावं. वाईट अंदाजाने सॉफ्टवेअरच्या त्या भागाचं आयुष्यच ओलांडलं, समजा दीड वर्षात ती स्क्रीन नव्याने लिहिली जाणार असेल, तर तो गट आत्ता घेऊच नये.

निकाल तपासायला 2 तास कसे लागतात, नापास काय आहे ते तर स्क्रीनवरच दिसतं, असं वाटू शकतं. इथे फ्लेकी चाचण्यांचा विषय येतो. फ्लेकी म्हणजे कोड न बदलता कधी पास होणारी आणि कधी नापास होणारी चाचणी. पान उघडायला एखादा सेकंद जास्त लागला, आदल्या चाचणीने डेटा तसाच ठेवला, दोन चाचण्यांनी एकाच वेळी एकच खातं वापरलं, अशी साधी कारणं त्यामागे असतात. गूगलने 2016 मध्ये आपल्याकडची माहिती प्रसिद्ध केली होती. तिथल्या जवळजवळ 16 टक्के चाचण्यांत कमी-अधिक प्रमाणात हा दोष होता आणि एकूण चालवलेल्या चाचण्यांपैकी सुमारे दीड टक्का निकाल असे डळमळीत निघत. दीड टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं. आपल्या 70 केसांपैकी प्रत्येक केस शंभरात एकदाच उगाच नापास होतो असं धरलं, तरी सगळेच्या सगळे बिनतक्रार पास होण्याची शक्यता 0.99 चा सत्तरावा घात, म्हणजे निम्म्याहूनही किंचित कमी येते. दर दोन रात्रींतून एका सकाळी काहीतरी लाल दिसणार, आणि खरा बग आहे की नुसती अडखळ हे शोधण्यात कोणाचा तरी अर्धा तास जाणार. दोन आठवड्यांत दहा रात्री धरल्या तर अशा पाच सकाळी होतात, म्हणजे अडीच तास. आपले 2 तास याच प्रकारचे आहेत आणि खरं तर ते थोडे कमीच धरले आहेत.

वेळेपेक्षा मोठं नुकसान पुढे होतं. दहा वेळा लाल निकाल खोटा निघाला की अकराव्या वेळी कोणी बघत नाही. स्क्रिप्ट पुन्हा चालवली जाते आणि पास झाली की विषय संपतो. त्या अकराव्या वेळी व्याजातला अकरा रुपयांचा फरक असेल तर तो सरळ शाखेत पोचतो. म्हणून उगाच नापास होणारी चाचणी त्याच आठवड्यात दुरुस्त करावी, नाहीतर संचातून बाहेर काढून तो केस पुन्हा हाताच्या यादीत टाकावा.

वाचलेल्या तासांचं पुढे काय होतं हेही आधी ठरवावं लागतं. 80 तासांतून 19 वाचले म्हणजे 61 उरले, दोघांत साडेतीस-साडेतीस, म्हणजे पाच दिवसांचं काम चार दिवसांवर आलं. कोणाचा पगार कमी होत नाही, त्यामुळे ही बचत रुपयांत दाखवायला गेलं तर हिशेबनीस प्रश्न विचारतील आणि ते बरोबर असतील. तो एक दिवस रिलीज लवकर करायला वापरणार की टेस्टरांना मोकळेपणाने शोध घेत तपासणी करायला देणार? मी दुसऱ्याला मत देईन. हाताने केस चालवताना टेस्टरचं लक्ष आजूबाजूला जातं; मागच्या यादीत एक नाव दोनदा आलंय, पावतीचा क्रमांक एकदम पुढे गेलाय असं त्याला दिसतं, आणि असे बग कुठल्याही केसमध्ये लिहिलेले नसतात. स्क्रिप्ट सांगितलं तेवढंच बघते. 70 केस स्क्रिप्टकडे गेले की त्या केसांच्या आजूबाजूला बघणारी नजरही गेली, ती भरून काढायला वेळ राखून ठेवावा लागतो.

अंदाज मंजूर झाल्यावर एक साधी नोंदवही सुरू करावी. दर रिलीजला चारच गोष्टी लिहायच्या. देखभालीला किती तास गेले, खोटे लाल निकाल किती, स्क्रिप्टने खरे बग किती पकडले, आणि निवडलेल्यांपैकी कोणते केस तरीही हाताने करावे लागले. शेवटची गोष्ट विशेष बघण्यासारखी असते. स्क्रिप्ट असूनही खात्रीसाठी टेस्टर तोच केस हाताने करत असेल तर बचत शून्य आहे, सूत्रात काहीही लिहिलेलं असो. त्याचं कारण त्यालाच विचारावं. बहुतेकदा स्क्रिप्ट काय तपासते हे त्याला वाचता येत नाही, किंवा ती नुसती पान उघडलं एवढंच बघते आणि आकडा बघतच नाही. तीन-चार रिलीजनंतर या नोंदीतले देखभालीचे तास मूळ सूत्रात घालून प्रत्येक गटाचा हिशेब पुन्हा मांडावा. ज्या गटाचा कंस शून्याकडे सरकतोय तो आधी एक थर खाली नेता येतो का ते बघावं, नाही जमलं तर त्याच्या स्क्रिप्टा काढून टाकाव्यात. बनवायला गेलेले तास परत येणार नाहीत, म्हणून ते या निर्णयात धरू नयेत. इथून पुढची देखभाल आणि इथून पुढची बचत एवढंच तिथे मोजायचं असतं.